पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीला ॲनिमिया झाला, तर पोटाची तपासणी का करायची?

सातारा जिल्ह्यातले ६१ वर्षांचे एक गृहस्थ. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. रोज पहाटे दोन-तीन किलोमीटर चालायची सवय. गेल्या काही महिन्यांपासून चढावर दम लागायला लागला, दुपारी गळून गेल्यासारखं व्हायला लागलं. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "वय झालं आता, होणारच." पुण्यात राहणारी मुलगी दिवाळीला घरी आली आणि बाबांचा चेहरा पांढुरका बघून त्यांना रक्त तपासायला घेऊन गेली. हिमोग्लोबिन आलं ९.२.

दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी हेच हिमोग्लोबिन १४.१ होतं. जवळच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. घरात बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू झाले. दीड महिन्यात हिमोग्लोबिन ११.८ वर गेलं. सगळे निश्चिंत झाले. तीन महिन्यांनी गोळ्या संपल्या त्या पुन्हा आणल्याच नाहीत. त्यानंतर पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन होतं ८.९.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण पोटविकारतज्ज्ञांच्या ओपीडीत अशा गोष्टी घेऊन येणारे रुग्ण नवे नाहीत. यात गोळ्या चुकीच्या नव्हत्या. चुकलं ते एवढंच, की हिमोग्लोबिन वाढवताना "ते कमी झालंच का?" हा प्रश्न कुणी विचारला नाही.

पुरुषाला किंवा पाळी कायमची थांबलेल्या स्त्रीला लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया झाला असेल, तर डॉक्टर आधी एका गोष्टीचा संशय घेतात: शरीरातून कुठून तरी रक्त जातंय. आणि बहुतेक वेळा ती जागा पोटात, म्हणजे अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या मार्गात कुठेतरी असते.

ॲनिमिया म्हणजे बायकांचा आजार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार पुरुषांमध्ये हिमोग्लोबिन १३ ग्रॅमपेक्षा कमी आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर त्याला ॲनिमिया म्हणतात. हे प्रमाण १०० मिलीलिटर रक्तामागे मोजलं जातं.

भारतात ॲनिमिया म्हटलं की डोळ्यांसमोर तरुण मुली आणि गरोदर बायका येतात. त्याला कारणही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. २०१८ मध्ये सुरू झालेली 'ॲनिमिया मुक्त भारत' मोहीमही लहान मुलं, किशोरवयीन मुलं-मुली, प्रजननक्षम वयातल्या स्त्रिया, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी आहे.

पण त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या २५ टक्के पुरुषांनाही ॲनिमिया होता. पन्नाशीच्या पुढचे स्त्री-पुरुष तर या आकड्यांत येतच नाहीत. त्यामुळे साठीच्या माणसाचं हिमोग्लोबिन कमी आलं, तरी उपाय मात्र वीस वर्षांच्या मुलीचाच होतो: लोहाची गोळी आणि पालेभाजी.

वीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हे बऱ्याचदा बरोबर असतं, कारण तिचं रक्त दर महिन्याला पाळीत जातं. साठीच्या पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला मात्र रक्त जाण्याचं असं नैसर्गिक कारण नसतं.

लोहाचा हिशोब काय सांगतो?

शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. त्यातलं बरंचसं रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं. निरोगी पुरुषाच्या यकृतात आणि इतर ठिकाणी साधारण १ ग्रॅम, म्हणजे १००० मिलीग्रॅम लोह शिल्लक ठेवलेलं असतं. हा साठा म्हणजे बँकेतली ठेव समजा.

जुन्या लाल पेशी मेल्या की त्यातलं लोह शरीर पुन्हा वापरतं. बाहेर टाकलं जाणारं लोह फार थोडं असतं, दिवसाला जेमतेम १ मिलीग्रॅम. तेवढं आपण जेवणातून शोषून घेतो आणि हिशोब जुळतो. म्हणूनच नुसतं जेवण कमी पडल्यामुळे मोठ्या माणसाची ठेव संपायला कित्येक वर्षं लागतात.

आता रक्त गेलं तर काय होतं ते पाहा. १ मिलीलिटर रक्तात साधारण अर्धा मिलीग्रॅम लोह असतं. समजा, आतड्यातल्या एखाद्या जखमेतून रोज १० मिलीलिटर रक्त झिरपतंय. म्हणजे दोन छोटे चमचे. त्याबरोबर रोज ५ मिलीग्रॅम लोह जातं. त्यात नेहमीचा १ मिलीग्रॅम धरला, तर खर्च ६ मिलीग्रॅम झाला. लोह कमी पडायला लागलं की आतडी जास्त शोषून घ्यायला लागतात, पण साध्या जेवणातून ते ३ मिलीग्रॅमच्या आसपास जातं असं धरू. तरीही रोजची तूट ३ मिलीग्रॅमची. या हिशोबाने १००० मिलीग्रॅमची ठेव साधारण अकरा महिन्यांत रिकामी होते.

या अकरा महिन्यांत माणसाला काहीच जाणवत नाही, कारण शरीर ठेवीतून खर्च भागवत असतं. ठेव संपली की मग हिमोग्लोबिन उतरायला लागतं. म्हणजे रिपोर्टमध्ये ९.२ हा आकडा दिसतो, तेव्हा रक्त जायला लागून बराच काळ उलटलेला असू शकतो.

रक्त जातंय, तर दिसत का नाही?

नातेवाईकांचा हा पहिला प्रश्न असतो. "संडासला रक्त पडलं असतं तर कळलं असतं ना?"

ठळक लाल रक्त दिसतं ते बहुतेक वेळा गुदद्वाराजवळून किंवा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातून आलेलं असतं. जठरातून रक्त आलं तर वाटेत आम्ल आणि पाचकरसांमुळे ते काळं पडतं. पण शौच डांबरासारखं काळं आणि चिकट व्हायला एका वेळी साधारण ५० ते १०० मिलीलिटर रक्त जावं लागतं. दिवसभरात थोडं थोडं झिरपणारं १० मिलीलिटर रक्त अन्नात मिसळून जातं. रंग बदलत नाही, पोट दुखत नाही.

मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात तर हा लपंडाव जास्त चालतो. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तो हा भाग रुंद असतो आणि तिथे मळ पातळ असतो. तिथे गाठ वाढली तरी मळाला अडथळा होत नाही, त्यामुळे बद्धकोष्ठ किंवा कळा अशी तक्रार उशिरा येते. गाठीचा पृष्ठभाग मात्र सतत खरवडला जातो आणि थोडं थोडं रक्त जात राहतं. म्हणूनच उजव्या बाजूच्या आतड्याच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण कित्येकदा पोटाचं नसतंच. ते असतं थकवा, धाप आणि रिपोर्टमधलं कमी हिमोग्लोबिन.

आधी खात्री करा: कमतरता लोहाचीच आहे का?

हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, असं प्रत्येक वेळी नसतं. मूत्रपिंडाचा जुना आजार, बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, दीर्घकाळची सूज, रक्ताचे आजार यांतही ते उतरतं. पोटाच्या तपासण्यांकडे जाण्याआधी लोहाची कमतरता सिद्ध व्हायला हवी.

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये 'एमसीव्ही' नावाची ओळ असते. लाल पेशींचा सरासरी आकार तिथे कळतो. तो ८० पेक्षा कमी असेल तर पेशी लहान झाल्या आहेत, आणि त्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण लोहाची कमतरता असतं. पण भारतात इथे दोन फसव्या जागा आहेत. एक, थॅलेसेमिया मायनर. त्यातही पेशी लहान असतात, पण त्या जन्मापासून तशाच असतात आणि लोह पुरेसं असतं. दुसरी, लोहाबरोबर बी-१२ सुद्धा कमी असणं. बी-१२ कमी असलं की पेशी मोठ्या होतात. दोन्ही कमतरता एकत्र आल्या तर सरासरी आकार नॉर्मल दिसू शकतो.

म्हणून फेरिटिनची तपासणी लागते. ठेवीतलं लोह किती उरलंय ते या तपासणीत कळतं. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर साठा संपलाय याबद्दल शंका उरत नाही. ॲनिमिया असलेल्या रुग्णात अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये ४५ ही मर्यादा धरायला सांगितली आहे. यातही एक मेख आहे. शरीरात संसर्ग, सांध्यांची सूज किंवा यकृताचा आजार असेल तर फेरिटिन वाढलेलं दिसतं. अशा वेळी ते नॉर्मल आलं तरी लोह कमी असू शकतं. मग डॉक्टर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनसारख्या तपासण्यांची मदत घेतात.

कंडक्टरकाकांचं हिमोग्लोबिन दुसऱ्यांदा उतरलं तेव्हा सातारच्या फिजिशियननी नेमकं हेच केलं. एमसीव्ही ७१, फेरिटिन ७. दोन वर्षांपूर्वीच्या जुन्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही ८८ होता. म्हणजे थॅलेसेमिया मायनरचा प्रश्नच नाही, पेशी नंतर लहान झाल्या. जुना रिपोर्ट फाईलमध्ये सापडला म्हणून हे एका मिनिटात कळलं.

लोहाच्या गोळ्या किंवा रक्त देण्याआधीच या तपासण्यांसाठी नमुना दिलेला बरा. उपचार सुरू झाल्यावर आकडे बदलतात आणि मूळ चित्र पुसट होतं.

पोटात नेमकं काय सापडतं?

ब्रिटनमधल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया घेऊन येणाऱ्या पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत साधारण एक तृतीयांश जणांमध्ये एखादा आजार सापडतो, आणि तो बहुतेक वेळा पचनमार्गातला असतो. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत अशा १०० जणांमागे साधारण दहा जणांत पचनमार्गाचा कॅन्सर आढळला आहे. भारतात आतड्याच्या कॅन्सरचं एकूण प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, त्यामुळे हा आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण कारण शोधायची गरज त्याने कमी होत नाही.

म्हणजे बहुतेकांना कॅन्सर नसतो. मग काय असतं?

वरच्या बाजूला जठर आणि ड्युओडेनममधले अल्सर असतात. त्यांची दोन मोठी कारणं म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि दुखण्यावरच्या गोळ्या. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन वर्षानुवर्षं खाणारी कितीतरी माणसं असतात. अशा अल्सरमध्ये पोट दुखेलच असं नाही, कारण ती गोळी दुखणंही दाबते.

काहींना रक्तस्राव नसतो, पण लोह शोषलंच जात नाही. गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजणारा सीलिॲक आजार हे त्याचं एक कारण आहे. जठराचं अस्तर पातळ होणं आणि जठराची शस्त्रक्रिया झालेली असणं ही आणखी काही कारणं.

खालच्या बाजूला पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर आलेले कोंब, कॅन्सर, आतड्याला सूज येण्याचे आजार आणि वाढत्या वयात होणाऱ्या नाजूक रक्तवाहिन्यांच्या गुंतवळी सापडतात.

आपल्याकडे आणखी एक कारण विसरून चालत नाही: हुकवर्म, म्हणजेच अंकुशकृमी. शेतात अनवाणी चालताना त्याची अळी पायाच्या कातडीतून शिरते. मोठा कृमी लहान आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितो. पोटात असे शेकडो कृमी असतील तर तेवढ्यानेही लोहाचा साठा संपतो. शौचाच्या साध्या तपासणीत त्याची अंडी दिसू शकतात आणि औषध स्वस्त आहे. पण कृमी सापडले म्हणून साठीच्या माणसाची पुढची तपासणी आपोआप रद्द होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात.

"मूळव्याध आहे ना, त्यामुळेच असेल"

हा सगळ्यांत महागात पडणारा अंदाज. मूळव्याध फार लोकांना असते. त्यातून भळभळून आणि वारंवार रक्त जात असेल तर ॲनिमिया होऊ शकतो, पण अधूनमधून चार थेंब पडल्याने लोहाचा सगळा साठा संपत नाही. मूळव्याधीवर बोट ठेवलं की आतड्याच्या वरच्या भागाकडे कुणी बघत नाही, आणि तिथे गाठ असली तर तिला वाढायला वेळ मिळतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही असंच आहे. हृदयासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन घेणाऱ्या माणसाचं हिमोग्लोबिन उतरलं की दोष गोळीला दिला जातो. पण निरोगी अस्तरातून सहसा नुसत्या गोळीमुळे एवढं रक्त जात नाही. आधीपासून असलेला अल्सर किंवा पॉलिप या गोळ्यांमुळे जास्त वाहायला लागतो. त्यामुळे तपासणी इथेही करावी लागते. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं.

शाकाहाराचंही कारण पुढे केलं जातं. जेवणात लोह कमी असणं हे भारतात खरंच एक कारण आहे आणि ते तपासाच्या जोडीने सुधारायला हवं. पण जो माणूस चाळीस वर्षं तेच जेवण जेवतोय आणि ज्याचं हिमोग्लोबिन दोन वर्षांपूर्वी १४ होतं, त्याच्या बाबतीत बदललेलं काहीतरी वेगळंच असतं.

गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढलं, मग काळजी कसली?

लोहाची गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन १ ग्रॅमने वाढलं, तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की कमतरता लोहाचीच होती. ते लोह कुठे गेलं, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. गळक्या टाकीत मोटर लावून पाणी भरलं की पातळी वाढतेच. मोटर बंद झाली की ती पुन्हा उतरते.

कंडक्टरकाकांच्या बाबतीत तेच झालं. गोळ्या चालू असताना गळतीपेक्षा भर जास्त होती, त्यामुळे आकडा चढला. गोळ्या थांबल्या आणि तो आधीपेक्षाही खाली गेला. मधले आठ महिने गेले ते गेलेच.

याचा अर्थ गोळ्या थांबवायच्या असा नाही. तपास आणि गोळ्या दोन्ही बरोबरच चालतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे लोह कमी शोषलं जातं. गोळ्यांमुळे शौच काळपट-हिरवट होतं, ते रक्त नसतं. डांबरासारखं चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचं काळं शौच असेल तर मात्र ते रक्त समजून लगेच दवाखाना गाठावा.

शौचाची तपासणी निगेटिव्ह आली तर?

शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी तपासणी स्वस्त आणि सोपी असते. पण या प्रश्नाचं शेवटचं उत्तर ती देऊ शकत नाही.

जुन्या पद्धतीची तपासणी खाण्यामुळे फसते. मटण किंवा काही कच्च्या भाज्यांमुळे ती उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, तर व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांमुळे उगाच निगेटिव्ह. 'फिट' नावाच्या नव्या तपासणीत ही अडचण नाही, कारण ती फक्त माणसाच्या हिमोग्लोबिनमधलं प्रथिन ओळखते. पण ते प्रथिन जठरात आणि लहान आतड्यात पचून जातं. म्हणजे अल्सरमधून रक्त जात असेल तरी फिट निगेटिव्ह येऊ शकते. शिवाय रक्त रोज सारखं जात नाही. नमुना दिला त्या दिवशी ते थांबलेलं असू शकतं.

ब्रिटनमध्ये फिटचा उपयोग कुणाची तपासणी आधी करायची हे ठरवण्यासाठी होतो. तपासणीच नको असं ठरवण्यासाठी, लोहाची कमतरता सिद्ध झालेल्या माणसाने तिच्यावर विसंबून राहू नये.

दोन्ही टोकांनी तपासणी म्हणजे काय?

अशा रुग्णात तोंडातून एंडोस्कोपी आणि गुदद्वारातून कोलोनोस्कोपी, अशा दोन्ही दुर्बिणीच्या तपासण्या सुचवल्या जातात. शक्यतो एकाच दिवशी.

एंडोस्कोपीसाठी सहा-आठ तास उपाशी राहावं लागतं. तपासणी पाच-दहा मिनिटांत होते. अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात दिसते. गरज असेल तर सीलिॲक आजारासाठी आणि जिवाणूसाठी छोटे तुकडे घेतले जातात. ते दुखत नाही.

कोलोनोस्कोपीची तयारी जास्त त्रासाची. आदल्या दिवशी हलका, चोथा नसलेला आहार आणि पोट साफ करायचं पावडरीचं दोन-तीन लिटर पाणी. ते अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे घेतलं तर आतडं जास्त स्वच्छ होतं. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, कारण त्यांचा काळा थर भिंतीला चिकटून राहतो आणि छोट्या गोष्टी त्याखाली लपतात. आतडं साफ नसेल तर तपासणी पुन्हा करावी लागते. तपासणी झोपेचं इंजेक्शन देऊन होते आणि साधारण अर्धा तास चालते. पॉलिप दिसला तर तो बऱ्याचदा तिथेच काढता येतो. आतड्याला भोक पडण्यासारखी गंभीर गुंतागुंत होऊ शकते, पण ती क्वचित.

रिपोर्टमध्ये दुर्बीण 'सीकम'पर्यंत पोचली असं लिहिलंय का, ते पाहावं. सीकम म्हणजे मोठ्या आतड्याची उजवीकडची सुरुवात. दुर्बीण अर्ध्यावर थांबली असेल तर ज्या भागात गाठ लपण्याची शक्यता जास्त, तोच भाग बघायचा राहतो. फक्त शेवटचा भाग दाखवणारी सिग्मॉइडोस्कोपी याच कारणासाठी पुरत नाही.

एंडोस्कोपीत किरकोळ सूज दिसली की कोलोनोस्कोपी रद्द करण्याचा मोह होतो. समजा, गुडघ्यांसाठी गोळ्या खाणाऱ्या ६४ वर्षांच्या आजींच्या जठरात सूज दिसली. तेवढ्यावर थांबणं धोक्याचं, कारण नुसती सूज फार लोकांत असते आणि तिच्याने एवढं रक्त जात नाही. वर ठोस कारण सापडलेल्या काही रुग्णांत खालीही दुसरा आजार निघतो.

फार वय झालेल्या किंवा इतर गंभीर आजार असलेल्या माणसाला कोलोनोस्कोपी झेपणार नसेल, तर सीटी स्कॅनने मोठं आतडं बघण्याचा पर्याय असतो. निदान झालं तर पुढचे उपचार झेपतील का, हेही आधी बोलून घ्यावं लागतं.

दोन्हीत काहीच सापडलं नाही तर?

असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं आणि ती बहुतेक वेळा चांगली बातमी असते. मग लोहाच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स घ्यायचा. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवतात, कारण ठेव पुन्हा भरायची असते. लघवीची साधी तपासणीही करून घेतात, कारण क्वचित मूत्रमार्गातूनही रक्त जातं.

त्यानंतर दर काही महिन्यांनी सीबीसी. हिमोग्लोबिन टिकलं तर पुढे काही करायची गरज नसते. पुन्हा उतरलं किंवा गोळ्यांनी वाढलंच नाही, तर दोन्ही दुर्बिणींच्या मधला, न दिसणारा लहान आतड्याचा भाग बघावा लागतो. त्यासाठी कॅमेरा असलेली कॅप्सूल गिळायची असते. ती पुढे सरकत हजारो फोटो काढते आणि शौचावाटे बाहेर पडते.

थांबायचं कुणी नाही?

तपासणी एरवी काही आठवड्यांत केली तरी चालते. पण काळं डांबरासारखं शौच, रक्ताची उलटी, छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं किंवा चक्कर येऊन पडणं यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जावं. न सांगता वजन उतरणं, शौचाच्या सवयी बदलणं, गिळताना अडकणं, पोटात गाठ लागणं किंवा जवळच्या नात्यात आतड्याचा कॅन्सर असणं, या गोष्टी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगाव्यात. यातलं काहीच नसलं तरी तपासणी टळत नाही.

कंडक्टरकाकांचं पुढे काय झालं?

फिजिशियननी चिठ्ठी दिली तेव्हा काका तयार नव्हते. "पोटाची काही तक्रारच नाही तर दुर्बीण कशाला?" डॉक्टरांनी फाईल उघडून तीन आकडे दाखवले: १४.१, ९.२, ८.९. "काका, हे रक्त कुठेतरी गेलंय. कुठे, तेवढं बघू."

एंडोस्कोपी नॉर्मल आली. कोलोनोस्कोपीत सीकमजवळ तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. तुकड्याच्या तपासणीत कॅन्सरचं निदान झालं. सीटी स्कॅनमध्ये तो यकृतात किंवा फुप्फुसात पसरलेला नव्हता. शस्त्रक्रियेत मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला. काढलेल्या लसिका ग्रंथींमध्ये कॅन्सर सापडला नाही, त्यामुळे डॉक्टरांनी केमोथेरपी न देता नियमित तपासण्यांवर ठेवलं. लोहाच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि या वेळी त्या संपल्यानंतरही हिमोग्लोबिन १३.६ वर टिकून राहिलं.

गाठ ग्रंथींपर्यंत पोचली असती तर उपचार लांबले असते आणि खात्री कमी झाली असती. या वेळी ती वेळेत सापडली, पण पहिल्या ९.२ च्या रिपोर्टवरच हा प्रश्न विचारला गेला असता तर आठ महिने आधी सापडली असती.

म्हणून घरातल्या पुरुषाचा किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचा असा रिपोर्ट हातात आला, तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. फेरिटिन केलंय का? आणि लोह कमी असेल, तर ते कुठून जातंय हे कधी बघायचं?

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. निदान आणि उपचारांसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)